रक्तशर्करा उतरली असता तात्काळ घ्यावयाचे पेय

मधुमेहाच्या रोग्यास आयुष्यभर साखरेपासून दूर राहण्याचा उपदेश केला जातो. परंतु याच रोग्याच्या आयुष्यात काही क्षण असे येतात की, त्या वेळी साखर हेच त्याचे औषध असते आणि तिच्या अभावी तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणारे, किंवा स्वादुपिंडास इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडणाऱ्या ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या घेणारे रोगी यांच्यावर हा प्रसंग विशेषेकरून ओढवतो. औषधाची मात्रा नेहमीचीच असते. पण जेवण लांबते, श्रम अधिक होतात, अथवा खाणे कमी पडते, आणि रक्तातील द्राक्षशर्करा, म्हणजे बाजारात ग्लुकोज या नावाने मिळणारी शर्करा, आवश्यक पातळीच्या खाली जाते.

ही पातळी दर 100 मिलिलिटर रक्तात 70 मिलिग्रॅम इतकी मानलेली आहे. तिच्या खाली गेल्यास उपाय सुरू करावा. पातळी 54 च्या खाली गेल्यास प्रसंग गंभीर समजावा, कारण त्या सुमारास मेंदूच्या कार्यात बिघाड होऊ लागतो. आरंभी दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, भूक खवळते, ओठांना मुंग्या येतात. पुढे बोलणे अडखळते, साध्या बेरजा चुकतात, माणूस विनाकारण चिडतो आणि मदतीस आलेल्यालाच दूर लोटतो. ही दुसऱ्या प्रकारची लक्षणे अधिक धोक्याची होत; कारण उपाय करण्यास लागणारी समजच त्या वेळी रोग्यापाशी उरलेली नसते.

या अवस्थेवर साखरेचा उतारा इन्सुलिनच्या शोधाइतकाच जुना आहे. 1921-22 च्या हिवाळ्यात टोरांटो येथे इन्सुलिनचा अर्क सशांना टोचून त्याचा जोर मोजला जात असे. मात्रा अधिक झाली की ससे आचके देऊन कोसळत आणि त्यांना ग्लुकोज टोचले की थोड्याच वेळात उठून हिंडू लागत. तेव्हापासून आजतागायत या उपायाचे तत्त्व बदललेले नाही. बदलली आहेत ती दुकानातील पेये, आणि म्हणूनच कोणते पेय किती घ्यावे हा प्रश्न पूर्वीपेक्षा आज अधिक बारकाईने पाहावा लागतो.

प्रथम मात्रेचा विचार करू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि निरोगी स्थितीत त्यातील एकूण द्राक्षशर्करा अवघी पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाच्या चमचाभर असते. रक्तशर्करा 50 वर आली म्हणजे यातील निम्मी नाहीशी झाली. तेव्हा अडीच ग्रॅम साखर पुरेशी व्हावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शर्करा केवळ रक्तवाहिन्यांत राहत नाही. पेशींच्या भोवती जो द्रव असतो त्यातही ती पसरते आणि हा द्रव रक्ताच्या सुमारे दुप्पट असतो. शिवाय ज्या इन्सुलिनमुळे पातळी उतरली, ते अद्याप काम करीतच असते. आतड्यातून आलेल्या शर्करेचा मोठा वाटा ते स्नायूंकडे वळविते. मेंदूही आपला वाटा घेत असतो, तो ताशी सुमारे पाच ग्रॅम. या सर्वांचा हिशेब करून प्रौढांसाठी एका वेळची मात्रा 15 ग्रॅम ठरविण्यात आली आहे. एवढ्या ग्लुकोजने वीस मिनिटांत रक्तशर्करा साधारणतः 35 ते 40 मिलिग्रॅमने वर येते. लहान मुलांना मात्रा वजनाच्या मानाने द्यावी. दर किलोग्रॅममागे 0.3 ग्रॅम, म्हणजे 30 किलोग्रॅम वजनाच्या मुलास 9 ग्रॅम पुरे होतात.

आता ही 15 ग्रॅम शर्करा कोणत्या रूपात द्यावी? सर्वांत उत्तम म्हणजे साध्या ग्लुकोजच्या चूर्णाचे पाणी. ग्लुकोजचे पचन व्हावे लागत नाही; लहान आतड्यात पोहोचताच ती तशीच रक्तात शोषली जाते. त्याखालोखाल घरातील साखरेचे पाणी. साखरेच्या प्रत्येक कणात द्राक्षशर्करा आणि फलशर्करा या दोन शर्करा जोडलेल्या असतात. आतड्याच्या अस्तरातील एक पाचक द्रव्य हा जोड क्षणार्धात तोडते, त्यामुळे प्रत्यक्षात साखरेचे पाणी ग्लुकोजच्या पाण्याच्या फारसे मागे राहत नाही. फळांच्या रसात मात्र सुटी फलशर्करा बऱ्याच प्रमाणात असते. मेंदूला तिचा थेट उपयोग होत नाही. ती आधी यकृतात जाऊन बदलावी लागते. म्हणून रसाचा गुण थोडा उशिरा येतो. दुसरे काही नसेल तर रस अवश्य द्यावा, पण ग्लुकोजचा डबा शेजारी असताना संत्री सोलीत बसू नये.

चमच्याने मोजण्यात एक घोटाळा संभवतो. चहाच्या सपाट चमच्यात साखर सुमारे चार ग्रॅम मावते, तर ग्लुकोजचे चूर्ण हलके असल्याने त्याच चमच्यात त्याहून कमी बसते. यास्तव साखर असल्यास चार सपाट चमचे आणि ग्लुकोज असल्यास चार-पाच चमचे धरावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे वाण्याच्या काट्यावर एकदाच 15-15 ग्रॅमच्या पुड्या बांधून घ्याव्यात. एक खिशात, एक कचेरीच्या खणात, एक उशाशी. पुडी अर्धा पेला, म्हणजे सुमारे 120 मिलिलिटर पाण्यात विरघळवून एकदम पिऊन टाकावी. कोरडी साखर तोंडात टाकल्यास ती विरघळण्यास लाळ लागते, आणि ज्याचे हात थरथरत आहेत व समज मंदावली आहे त्याला ठसका लागण्याची भीती असते.

तयार पेयांपैकी साखर घातलेली नेहमीची थंड पेये, म्हणजे कोला, लिंबाच्या स्वादाची किंवा संत्र्याच्या स्वादाची, उपयोगी पडतात. त्यांत दर 100 मिलिलिटरमागे 10 ते 11 ग्रॅम साखर असली, तर सुमारे 150 मिलिलिटर, म्हणजे लहान पेलाभर पुरते. परंतु हा आकडा गृहीत धरून चालत नाही. ब्रिटनमध्ये ल्युकोझेड नावाचे ग्लुकोजचे पेय 1920 नंतरच्या दशकापासून आजाऱ्यांना देत आले होते, आणि मधुमेहीही रक्तशर्करा उतरली की त्याचाच पेला घेत. त्यात दर 100 मिलिलिटरला सुमारे 17 ग्रॅम शर्करा असे, म्हणून 90 मिलिलिटर पुरत. साखरयुक्त पेयांवर 2018 साली कर येणार होता. त्याआधी 2017 साली उत्पादकांनी शर्करेचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले आणि राहिलेली गोडी कृत्रिम द्रव्यांनी भरून काढली. नाव तेच, चवही बव्हंशी तीच. पण आता 15 ग्रॅमसाठी 170 मिलिलिटर प्यावे लागू लागले. जुनी मात्रा घेणाऱ्यास अर्धेच औषध मिळाले असते, आणि तसे होऊ नये म्हणून तेथील मधुमेह संस्थांना रोग्यांना सावध करावे लागले. भारतातही बाटलीमागील छापील तक्त्यात दर 100 मिलिलिटरमागे शर्करा किती ते दिलेले असते. 15 ला त्या आकड्याने भागून 100 ने गुणावे. येणारे उत्तर हे किती मिलिलिटर प्यावे त्याचे माप होय. हा हिशेब बरे असतानाच करून ठेवावा. रक्तशर्करा 50 वर असताना भागाकार जमत नाही.

हा तक्ता वाचताना ज्याच्यापुढे शून्य आढळते, ते पेय या प्रसंगी सर्वस्वी निरुपयोगी. डाएट, झिरो, शुगर-फ्री अशा नावांनी ही पेये विकली जातात. त्यांची गोडी ॲस्पार्टेम, सुक्रालोज, सॅकरीन यांसारख्या द्रव्यांची असते. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे दोनशे पट आणि सुक्रालोज सुमारे सहाशे पट गोड आहे. त्यामुळे जेथे तीस-पस्तीस ग्रॅम साखर घालावी लागली असती, तेथे ग्रॅमच्या लहानशा अंशाने भागते. गोडी ही जिभेवरील संवेदना आहे. ती पदार्थातील पोषण मोजीत नाही. जिभेवरील रुचिकलिकांना बसणारा रेणू हा शर्करेचा रेणू असलाच पाहिजे असे नाही. पण मेंदूच्या पेशींना जे इंधन हवे असते ते द्राक्षशर्करेचेच, आणि ॲस्पार्टेम पचून जे बनते ते मुख्यत्वे दोन ॲमिनो आम्ले, तीही अत्यल्प. सुक्रालोज तर बहुतांशी न पचता बाहेर पडते. अशा पेयाची अख्खी बाटली प्याल्यानेही रक्तशर्करा एका मिलिग्रॅमनेही वर येत नाही. हे पेय त्या प्रसंगी विषारी नसते. त्याचा अपाय निराळ्या जातीचा आहे. ते रोग्याची आणि भोवतालच्या माणसांची समजूत घालते की उपाय झाला, आणि त्या समजुतीत पंधरा-वीस मिनिटे निघून जातात.

चूक होण्याचे कारणही या रोगाच्या घरगुती व्यवस्थेतच दडलेले आहे. मधुमेही माणसाच्या घरात साखरेचा डबा हळूहळू वरच्या फळीवर जातो आणि खालच्या फळीवर बिनसाखरी पेये व गोळ्या येतात. शेजारी, सोबती, दुकानदार, सर्वांना ठाऊक असते की यांना साखर चालत नाही. म्हणून प्रसंग आला की जो तो आपल्या भल्या बुद्धीने बिनसाखरीच वस्तू पुढे करतो.

उदाहरणादाखल एका कचेरीतील प्रसंग कल्पून पाहू. छपन्न वर्षे वयाचे एक हिशेबनीस सकाळी साडेसात वाजता मिश्र इन्सुलिन घेतात, आठ वाजता न्याहारी करतात आणि साडेबारास डबा खातात. एके दिवशी वार्षिक तपासणीमुळे डबा राहून जातो. सव्वा वाजता त्यांना घाम फुटतो. जवळच्या यंत्रावर बोटातील रक्त पाहता आकडा 54 येतो. एक सहकारी धावत खाली जाऊन थंड पेय आणतात, आणि हिशेबनीस मधुमेही आहेत हे ध्यानात ठेवून मुद्दाम बिनसाखरी बाटली निवडतात. एक वाजून वीस मिनिटांनी ती संपते. पेय गोड व थंड असल्याने दोन-तीन मिनिटे बरेही वाटते. एक पस्तीसला आकडा 47 असतो, आणि हिशेबनीस आता "मला काही झालेले नाही, कागद इकडे आणा," असे चढ्या आवाजात म्हणू लागतात. इतक्यात चहाची व्यवस्था पाहणारा शिपाई साखरेचा डबा घेऊन येतो. अर्धा पेला पाण्यात चार चमचे साखर ढवळून एक सदतीसला ती पाजली जाते. पंधरा मिनिटांनी आकडा 68 होतो. थरथर अद्याप असते, पण बोलणे ताळ्यावर आलेले असते. आकडा 70 च्या खालीच असल्याने आणखी एक मात्रा दिली जाते, आणि दोन वाजून सात मिनिटांनी तो 98 वर येतो. मग ते डबा उघडून दोन पोळ्या व भाजी खातात. साखरेचे पाणी सव्वा वाजताच मिळाले असते, तर बहुधा एकाच मात्रेत काम भागले असते, आणि 47 चा आकडा पाहावा लागला नसता.

या उदाहरणात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, पंधरा मिनिटे थांबणे. पेय जठरातून आतड्यात उतरण्यास वेळ लागतो आणि घाम व थरथर ही आकडा वर आल्यानंतरही काही काळ टिकतात. घाबरून एका पाठोपाठ एक पेले रिचविले तर तासाभराने रक्तशर्करा तीनशेच्या घरात जाते आणि दिवस दुसऱ्या दिशेने बिघडतो. दुसरी, बोट टोचण्यापूर्वी हात धुणे. साखर हाताळलेल्या बोटावर तिचा कण राहिला, तर यंत्र खोटाच मोठा आकडा दाखविते आणि उपाय अर्ध्यावर थांबतो. दंडावर चिकटविलेल्या संवेदकाचा आकडा रक्ताच्या मागून काही मिनिटांनी बदलतो. तेव्हा पेय घेतल्यावर तो लगेच चढला नाही म्हणून पुन्हा साखर घेऊ नये, बोटाचे रक्त पाहावे.

काही पेये नावामुळे फसवितात. जुलाबावर देतात ते क्षार-शर्करेचे पाणी यांपैकी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्राप्रमाणे त्याच्या संपूर्ण लिटरात 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे पेलाभरात तीन ग्रॅमहूनही कमी. औषधाच्या दुकानात ग्लुकोजच्या डब्याशेजारीच ते ठेवलेले असते, म्हणून मागताना स्पष्ट सांगावे. शहाळ्याचे पाणी मधुर लागते, पण त्यात शर्करा थोडी आणि पोटॅशियम पुष्कळ असते. मूत्रपिंडे कमकुवत झालेल्या रोग्याने तर ते आणि संत्र्याचा रस, दोन्ही या कामी वर्ज्य समजावे. त्याला ग्लुकोजचे किंवा साखरेचे पाणीच योग्य. दुधातील दुग्धशर्करा मंद, आणि त्यातील स्निग्धांश जठर रिकामे होणे लांबवितो. चॉकलेट व बर्फी यांनाही स्निग्धांशाचा हाच दोष लागतो. ग्लुकोज बिस्किटात ग्लुकोज नावापुरते. पुष्कळसा भाग मैद्याचा. गाडीवरच्या अर्ध्या कपाच्या चहात साखर असतेच, पण दोन चमच्यांहून क्वचितच अधिक, आणि गरम चहा घोटाघोटाने प्यावा लागतो. उसाचा रस गुणकारी आहे. मात्र चरक चालू असताना तेथे असण्याचा योग यावा लागतो.

एका वर्गाच्या रोग्यांना साखरेचे पाणीही पुरेसे पडत नाही, आणि ही गोष्ट भारतात विशेष महत्त्वाची आहे, कारण व्होग्लिबोज व अकार्बोज ही औषधे येथे पुष्कळ दिली जातात. कित्येकदा ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत. साखरेचा जोड तोडणारे आतड्यातील जे पाचक द्रव्य वर सांगितले, त्यालाच ही औषधे अडवून धरतात. जेवणानंतर रक्तशर्करा एकदम चढू नये हा त्यांचा हेतू. ही औषधे एकटी घेतल्यास रक्तशर्करा सहसा उतरत नाही. पण जोडीला घेतलेल्या ग्लिमेपिराइडने किंवा इन्सुलिनने ती उतरली, तर प्यालेली साखर न फुटता आतड्यातच रेंगाळते आणि पेला रिकामा होऊनही आकडा हलत नाही. अशा रोग्यास सुटी द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोजचे चूर्णच द्यावे लागते. आपल्या गोळीत यांपैकी एखादे औषध आहे काय, हे प्रत्येक रोग्याने गोळीच्या पाकिटावर वाचून किंवा डॉक्टरांना विचारून ठेवावे, आणि असल्यास पुड्या साखरेच्या न बांधता ग्लुकोजच्या बांधाव्यात.

पेयाचा हा सर्व उपाय रोगी शुद्धीवर असून त्याला नीट गिळता येत असेल तोवरच लागू आहे. बेशुद्ध किंवा आचके येत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, साखर वा मध काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवावे आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावे, तेथे ग्लुकोज शिरेवाटे देतात. घरात ग्लुकागॉनचे इंजेक्शन असेल व ते देण्याची माहिती असेल, तर ते आधी द्यावे. शुद्धीवर असलेल्या रोग्याचा आकडा दोन-तीन मात्रांनंतरही 70 च्या वर येत नसेल, तरीही घरी थांबू नये.

आकडा वर आला म्हणजे पुढचे जेवण किती दूर आहे ते पाहावे. पेयातली शर्करा तासाभरात खर्च होते, पण औषधाचा अंमल त्याहून टिकतो. जेवण तासाच्या आत असेल तर तेच पुरे. नसेल तर एखादी पोळी, भाकरी किंवा भाताचा घास खावा, म्हणजे पिष्ट सावकाश पचून शर्करा पुरवीत राहते. ग्लिबेनक्लामाइडसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळ्यांनी रक्तशर्करा उतरली असेल, आणि रोगी वृद्ध किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेला असेल, तर ती त्याच दिवशी, रात्री, कधी दुसऱ्या दिवशीही पुन्हा उतरू शकते. अशा रोग्यास एकटे झोपू देऊ नये, रात्रीतून उठवून रक्त पाहावे, आणि पुढील गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये.